इराणी चित्रपटांच्या याद्या: कुठली धरायची, कुठली सोडायची

दोन पावसाळ्यांपूर्वी मी ‘जगभरातले दडलेले शंभर चित्रपट’ अशा अर्थाची एक यादी उघडून बसले होते. अकरा चित्रपट पाहून झाल्यावर लक्षात आलं, की यातला एकही दडलेला नाही. यादी करणाऱ्यानं समीक्षकांच्या दोन मोठ्या मतचाचण्यांमधली नावं उचलली होती, क्रम फिरवला होता आणि प्रत्येक नावाखाली ‘अप्रतिम, चुकवू नका’ अशी एकच ओळ फिरवून फिरवून लिहिली होती. चित्रपट वाईट नव्हतेच. पण त्यांच्यासाठी मला कुणाच्या यादीची गरजही नव्हती.

त्यानंतर मी याद्या वाचायची पद्धत बदलली. ती खाली टप्प्याटप्प्यानं सांगते. उदाहरण इराणी चित्रपटांचं घेते, कारण आपल्याकडे बरेच जण तिथूनच परदेशी सिनेमात शिरतात. असगर फरहादींचा २०११चा ‘अ सेपरेशन’ किंवा माजिद मजिदींचा १९९७चा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ पाहिला जातो, आवडतो आणि मग ‘आता पुढे काय?’ म्हणून शोधायला गेलं की जिकडेतिकडे तीच दहा नावं समोर येतात.

काय काय लागेल

- लेटरबॉक्स्डवर एक खातं. फुकटचं पुरतं. ही न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली साइट आहे. सदस्य पाहिलेल्या चित्रपटांची नोंद ठेवतात आणि स्वतःच्या याद्या करतात.
- आयएमडीबी. इथलं रेटिंग बघायचं नाही, वर्ष आणि मूळ नाव ताडून बघायचं.
- एक साधी एक्सेल शीट किंवा वही.
- तुम्हाला नीट माहीत असलेले आठ-दहा मराठी चित्रपट. हे सगळ्यात महत्त्वाचं.

१. आधी घरच्या मापानं मोजून बघा

इराणी सिनेमाची यादी चांगली की वाईट, हे इराणी सिनेमा न पाहिलेल्या माणसाला कसं कळणार? थेट नाही कळत. म्हणून पहिला सराव मराठीवर करायचा. तिथं तुम्हाला कुणी फसवू शकत नाही.

लेटरबॉक्स्डवर मराठी चित्रपटांच्या चार-पाच याद्या उघडा आणि त्यांत काय आहे ते तीन थरांत बघा. वरच्या थरात ‘सैराट’ आणि ‘कोर्ट’. एक तिकीटबारीवर गाजला, दुसरा व्हेनिसमध्ये. हे दोन कुणीही टाकतं, त्यावरून काही ठरत नाही. मधल्या थरात ‘वळू’, ‘विहीर’, ‘फँड्री’, ‘सामना’, ‘सिंहासन’. ज्यानं थोडं शोधलंय, त्याच्या यादीत हे येतात. खालच्या थरात सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा १९९५चा ‘दोघी’ किंवा १९७६चा ‘घाशीराम कोतवाल’. इथवर आलेल्या माणसानं स्वतः हातपाय हलवलेले असतात.

आणखी एक खूण आहे आणि माझ्या मते ती या तिन्हींपेक्षा बोलकी आहे: यादीत दादा कोंडके आहेत का? ‘सोंगाड्या’ किंवा ‘पांडू हवालदार’? ‘अशी ही बनवाबनवी’? ज्या यादीत फक्त महोत्सवांत फिरलेले चित्रपट आहेत, ती यादी मराठी सिनेमाची नसते. बाहेर पोहोचलेल्या आणि सबटायटल मिळालेल्या मराठी सिनेमाची असते. अशी यादी करायला हरकत नाही, पण मग मथळ्यात तसं म्हणावं.

अशाच एका ‘मराठी क्लासिक्स’ यादीत मला ‘श्यामची आई’ दिसला. बरं वाटलं. मग पोस्टरकडे नीट पाहिलं, तर ते २०२३च्या चित्रपटाचं. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३चा. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णपदक मिळवणारा. यादी करणाऱ्यानं शोधपेटीत नाव टाकलं होतं आणि जे पहिलं आलं ते दाबलं होतं. ही चूक हाताची असू शकते. पण हा चित्रपट पाहिलेल्या माणसाला ती एकदा तरी खटकली असती. यादीतले चित्रपट यादी करणाऱ्यानं पाहिलेत का, हा प्रश्न मला तिथून सुचला. पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे.

२. शोध प्रसिद्ध नावावरून सुरू करू नका

नवखा माणूस ‘बेस्ट इराणियन फिल्म्स’ असं टाकतो आणि सगळ्यात जास्त लाइक असलेली यादी उघडतो. लाइक कशाला मिळतात? ज्यात लोकांना आपण पाहिलेले चित्रपट दिसतात त्याला. म्हणजे सगळ्यात लोकप्रिय यादी ही बहुतेक वेळा सगळ्यांना आधीच माहीत असलेली यादी असते.

त्याऐवजी उलटीकडून जा. लेटरबॉक्स्डवर कुठल्याही चित्रपटाचं पान उघडलं, की तो कोणकोणत्या याद्यांत आहे ते बघता येतं. वेबवर पोस्टरखाली डोळा, चौकोन आणि हृदय अशी तीन चिन्हं असतात. त्यातलं चौकोनाचं दाबा, `Lists` उघडतं. अब्बास किआरोस्तमींचा १९९०चा ‘क्लोज-अप’ घेऊन हे केलंत तर हाती काही लागणार नाही. तो ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या २०२२च्या मतचाचणीत पहिल्या विसात होता, त्यामुळे ‘सार्वकालिक महान’ छापाच्या असंख्य याद्यांत तो असणारच. पण सोहराब शहीद सालेस यांचा १९७४चा ‘स्टिल लाइफ’ घ्या, किंवा बहराम बेझाई यांचा १९७२चा ‘डाउनपोर’ घ्या. यांच्या पानावरून मागे गेलात की याद्या कमी मिळतात. पण ज्या मिळतात त्या अशा माणसांनी केलेल्या असतात ज्यांना हे चित्रपट माहीत आहेत.

इथंही सुरुवातीला मोठमोठ्या याद्याच दिसतील, कारण क्रम लोकप्रियतेचा असतो. ‘मी पाहिलेलं सगळं’, ‘एकदा तरी बघावेत असे पाच हजार’ वगैरे. त्या ओलांडून दोन-चार पानं आत जा. मी साधारण दीडशेच्या वर चित्रपट असलेली यादी उघडतच नाही. एका देशाचा पूर्ण इतिहास मांडणारी असेल तर अपवाद. पाच हजार चित्रपटांची यादी म्हणजे गोदाम. त्यात सगळं असतं, आणि म्हणूनच कुणी काही निवडलेलं नसतं.

साइटवरचा शोध अपुरा पडला तर गूगलवरून असं शोधा:

```
site:letterboxd.com "chess of the wind" list
```

अवतरणचिन्हांतलं नाव बदलत राहायचं. नाव जितकं आडबाजूचं, तितकी यादी कामाची निघण्याची शक्यता जास्त.

३. यादीच्या मागचा माणूस बघा

यादी सापडली, की चित्रपट बघायच्या आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, वरचं निवेदन. त्यात नियम सांगितलाय का? ‘१९७९च्या क्रांतीआधीचे, मी स्वतः पाहिलेले, एका दिग्दर्शकाचे जास्तीत जास्त दोन’ असं काही लिहिलं असेल तर समजा, या माणसानं काही वगळलंय. निवड झालीय. ‘माझे आवडते’ एवढंच असेल तरी चालेल, ते प्रामाणिक आहे. ‘दि अल्टिमेट’, ‘एसेन्शियल’ असा मथळा आणि खाली एक शब्द नाही, असं असेल तर मी पुढे जाते.

दुसरी, चित्रपटांखालच्या टिपा. लेटरबॉक्स्डवर यादीतल्या प्रत्येक चित्रपटाला टीप जोडता येते. ‘मास्टरपीस’ ही टीप नव्हे. टीप अशी असते: ‘हा कानूनसाठी केलेला आहे, म्हणून यात मुलं आहेत.’ कानून म्हणजे इराणमधली मुलांच्या आणि किशोरांच्या बौद्धिक विकासासाठीची संस्था. किआरोस्तमींनी आपले सुरुवातीचे बरेच चित्रपट तिथेच केले. इराणी सिनेमात इतकी लहान मुलं का, हा प्रश्न पाचव्या-सहाव्या चित्रपटानंतर पडतोच. त्याच्या उत्तराचा एक भाग हा आहे, दुसरा भाग सेन्सॉरचा. ज्या टिपेनं असं एखादं दार उघडतं, तिच्यासाठी मी वीस रटाळ नोंदी सोसते.

तिसरी गोष्ट, त्यानं हे चित्रपट पाहिलेत का. हे तपासणं सोपं आहे, पण फारसं कुणी करत नाही. चित्रपटाच्या पानाचा पत्ता असा असतो:

```
letterboxd.com/film/hamoun/
```

त्यात `film` च्या आधी त्या सदस्याचं नाव घाला:

```
letterboxd.com/username/film/hamoun/
```

सदस्यानं तो चित्रपट नोंदवला असेल तर त्याची नोंद, तारे, लिहिलं असेल तर परीक्षण दिसतं. काहीच हाती आलं नाही तर बहुधा नोंद नाही. यादीतले पाच आडबाजूचे चित्रपट निवडून एवढं करा. पाचपैकी चार पाहिलेले असतील तर उत्तम. एकही नसेल, तर ती त्याची स्वतःची ‘बघायचे आहेत’ची यादी आहे. तशी यादीही वाईट नसते, पण ती शिफारस समजून घेऊ नका. माझी पहिली फसगत नेमकी इथं झाली होती.

एक सावधगिरी: काही जाणकार लोक साइटवर उशिरा येतात आणि जुनं पाहिलेलं नोंदवत नाहीत. म्हणून नोंद नसेल पण टिपा भरीव असतील, तर टिपांवर विश्वास ठेवा.

४. खुणेचे तीन चित्रपट

आता इराणकडे. मराठीत जसे आपण तीन थर लावले, तसे इराणी यादीसाठी मी तीन खुणा ठेवल्या आहेत. यादी उघडली की आधी हे तीन शोधते.

पहिली खूण ‘क्लोज-अप’. हा असलाच पाहिजे असं नाही. नसेल, आणि का नाही ते सांगितलं असेल, तर उलट उत्सुकता वाढते. न सांगता नसेल तर यादी घाईत केलेली आहे.

दुसरी खूण ‘हामून’. दारिउश मेहरजुईंचा, १९८९-९०च्या सुमाराचा. घटस्फोटाच्या कड्यावर उभा असलेला, अर्धवट राहिलेल्या प्रबंधाचा आणि अर्धवट आयुष्याचा एक शहरी नायक. इराणमध्ये त्याची पारायणं होतात, संवाद लोकांना पाठ असतात. बाहेर मात्र मेहरजुई म्हटलं की १९६९चा ‘द काऊ’ आठवतो, मूळ नाव ‘गाव’. फारसीत गायीला गाव म्हणतात. ‘हामून’ ज्या यादीत आहे ती करणाऱ्याला इराणी लोक स्वतः काय बघतात याचा पत्ता आहे. आपल्या दादा कोंडक्यांच्या कसोटीचं हे इराणी रूप म्हणा. मसूद किमियाईंचा १९६९चा ‘कैसर’ हीसुद्धा तशीच खूण आहे: बहिणीच्या अपमानाचा आणि भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला नायक, थेट गल्लीतला सिनेमा.

तिसरी खूण तारखेची. मोहम्मद रझा अस्लानींचा ‘चेस ऑफ द विंड’, फारसीत ‘शतरंज-ए-बाद’. चित्रपट १९७६चा. क्रांतीनंतर त्यावर बंदी आली आणि तो हरवला असंच धरून चाललं होतं. २०१४मध्ये त्याच्या निगेटिव्ह तेहरानमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात सापडल्या आणि २०२०मध्ये दुरुस्त केलेली प्रत लोकांसमोर आली. म्हणजे ‘क्रांतीपूर्व इराणी सिनेमा’ अशी यादी असेल आणि त्यात हा नसेल, तर बहुधा ती २०२०नंतर उघडलेलीच नाही. यादीच्या पानावर शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं, पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. शुद्धलेखन सुधारलं तरी तारीख बदलते. चित्रपटाची तारीख खोटं बोलत नाही.

मी स्वतः केलेली एक तपासणी सांगते. ‘स्टिल लाइफ’च्या पानावरून मागे जाऊन तीन याद्या निवडल्या होत्या.

पहिलीत ६० चित्रपट. ‘क्लोज-अप’ होता, ‘हामून’ नव्हता, ‘शतरंज-ए-बाद’ नव्हता. मग दिग्दर्शक मोजले: किआरोस्तमी, पनाही, फरहादी आणि मखमलबाफ कुटुंब मिळून ३८. उरलेल्या २२मध्येही बहुतेक युरोपातल्या महोत्सवांत बक्षीस मिळवलेले. यादी खोटी नव्हती, पण तिचं खरं नाव ‘युरोपात गाजलेले इराणी चित्रपट’. त्यातून मी एकच नाव टिपलं.

दुसरी १४० चित्रपटांची. तिन्ही खुणा हजर. टिपा एकही नाही. सदस्याच्या नोंदी पाहिल्या तर पाचपैकी पाच पाहिलेले आणि तारे दोनपासून पाचपर्यंत पसरलेले. हा माणूस न आवडलेलेही नोंदवतो. यादी इतिहासाची होती, आवडीची नव्हती. तिचा उपयोग नकाशासारखा: कुठल्या दशकात काय झालं ते कळतं, पण आज रात्री काय लावावं ते कळत नाही. ते कळायला मी त्याच सदस्यानं साडेचार किंवा पाच तारे दिलेले इराणी चित्रपट वेगळे काढले. नऊ निघाले. ते नऊ शीटमध्ये गेले.

तिसरी यादी फक्त २४ चित्रपटांची, परदेशात राहणाऱ्या एका इराणी बाईंची. मथळा साधा: आईवडिलांबरोबर पाहिलेले. यात ‘क्लोज-अप’ नव्हता आणि का नाही तेही लिहिलं होतं: घरात कुणी तो लावलाच नाही. ‘हामून’ होता. कमाल तबरिझींचा २००४चा ‘द लिझर्ड’ होता. त्यात तुरुंगातून पळालेला चोर मौलवीचा वेश घेतो आणि लोक त्याच्यामागे नमाज पढायला लागतात. बेझाईंचा ‘बाशू’ होता, आणि त्याखाली चार ओळी की आजी हा बघताना गिलकी बोलीतली वाक्यं मोठ्यानं म्हणायची, कारण तिचं माहेर तिकडचं. हे वाचून मी ‘बाशू’ त्याच रात्री लावला. युद्धातून पळून उत्तरेत आलेला दक्षिणेचा मुलगा आणि त्याला आसरा देणारी बाई, दोघांना एकमेकांची बोली कळत नाही. ती टीप वाचलेली नसती तर हे दोघं वेगवेगळं बोलतायत हे मला सबटायटलमधून कळलंही नसतं.

खुणांच्या हिशोबात ही यादी ‘अपुरी’ होती. म्हणून खुणांना आंधळेपणानं गुण देऊ नका. यादी स्वतःबद्दल जे म्हणते ते खरं आहे का, एवढंच त्यातून तपासायचं.

५. रेटिंगचा आकडा

यादीत नाव दिसलं की हात आपोआप रेटिंगकडे जातो. तिथं दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे.

मतं किती आहेत ते आधी बघा. आयएमडीबीनं आपल्या पहिल्या अडीचशेच्या यादीसाठी जाहीर केलेलं सूत्र थोडक्यात असं आहे, की मतं कमी असतील तर चित्रपटाची सरासरी सगळ्या चित्रपटांच्या सरासरीकडे ओढायची. किमान मतांची अट २५,००० आहे. समजा एका चित्रपटाला ९०० मतं आणि ९.१ची सरासरी आहे. सर्वसाधारण सरासरी सोयीसाठी ७ धरू.

```
(900/25900) × 9.1 + (25000/25900) × 7 = 7.07
```

म्हणजे त्या ९.१चं या हिशोबात वजन जवळपास काहीच नाही. याचा अर्थ चित्रपट वाईट आहे असा नव्हे. तो आकडा तुम्हाला काही सांगत नाही, एवढाच. म्हणून ‘८.५च्या वरचे अनोळखी चित्रपट’ अशी गाळणी लावून केलेल्या याद्या सोडून द्या. त्यांत बहुतेक दोस्त-नातेवाइकांनी मतं दिलेले चित्रपट येतात. मराठीत तर हे प्रदर्शनाच्या पहिल्याच शुक्रवारी दिसतं.

दुसरं, मतांचा आलेख. दोन्ही साइटवर तो असतो. मध्ये उंचवटा आणि दोन्हीकडे उतार असेल तर लोकांनी बघून मत दिलंय. दोन्ही टोकांना दोन खांब, दहा आणि एक, मध्ये मोकळं मैदान, तर तिथं चित्रपटावर नव्हे, दुसऱ्याच कशावर तरी भांडण चाललंय.

६. मंचावर विचारायचं असेल तर

याद्यांनी भागलं नाही की रेडिटवरचे `r/TrueFilm` किंवा `r/MovieSuggestions` असे गट आहेत. प्रश्न टाकायच्या आधी जुन्या चर्चा शोधा:

```
site:reddit.com/r/TrueFilm iranian
```

प्रश्न विचारायचाच असेल तर ‘चांगले इराणी चित्रपट सुचवा’ असं टाकू नका. तेच दहा येतील आणि कुणीतरी वैतागून शोधपेटी वापरायला सांगेल. आवडलेले दोन आणि न आवडलेला एक लिहा, प्रत्येकाचं एका वाक्यात कारण द्या. मी लिहिलं होतं त्याचा मथितार्थ असा: ‘बाशू’ आवडला, कारण भाषा कळत नसताना नातं जुळतं, ‘द लिझर्ड’ आवडला, कारण धर्मावर हसतो पण माणसावर नाही, ‘टेस्ट ऑफ चेरी’ मला पेलला नाही, गाडीतच अडकल्यासारखं झालं. त्या तिसऱ्या वाक्यानं काम केलं. दोन जणांनी मला खोडून काढायचा प्रयत्न केला आणि ते करताना सहा नवी नावं दिली. पहिल्या तासात येणारी उत्तरं पाठ असलेली असतात. दोन दिवसांनी परत जाऊन `New` लावून वाचा, तिथं विचार करून लिहिणारे भेटतात.

आयचेकमूव्हीज या साइटभोवती जमलेल्या मंडळींची `500<400` नावाची एक यादी आहे, तीही बघा. साइटवर ४००पेक्षा कमी जणांनी पाहिल्याची खूण केलेल्या चित्रपटांतून सदस्यांच्या मतांनी निवडलेले पाचशे. प्रसिद्ध चित्रपट नियमानंच बाहेर राहतात, त्यामुळे ‘दडलेले’ हा शब्द इथं खरा ठरतो. मात्र मतं देणारे मुरलेले असतात. यातला एखादा चित्रपट तीन तासांचा आणि जवळपास निःशब्द निघाला तर मला बोल लावू नका.

७. नावांचा घोळ

फारसी नावं रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिली जातात, इंग्रजी नावं वेगळीच असतात आणि वर्षं जुळत नाहीत. ‘बाशू’ १९८६मध्ये तयार झाला, पण इराणमध्ये लागला १९८९मध्ये. त्यामुळे एका ठिकाणी एक साल, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. शीटमध्ये नाव, दिग्दर्शक आणि दोन्ही सालं लिहून ठेवा. मराठीतही हीच पंचाईत: नुसतं ‘कोर्ट’ शोधलंत तर चैतन्य ताम्हाणेंचा २०१४चाच येईल असं नाही, त्याच नावाचा २०२५चा तेलुगू चित्रपटही आहे. दिग्दर्शकाच्या पानावरून चित्रपटाकडे गेलात तर चूक होत नाही.

जुना चित्रपट बघणार असाल तर दुरुस्त केलेली प्रत आहे का ते यादीखालच्या प्रतिक्रियांत शोधा. ‘डाउनपोर’ची आहे. धूसर, कापलेल्या प्रतीवरून चित्रपटावर फुली मारू नका.

८. कुठल्या यादीनं काय दिलं, ते लिहा

शीटमध्ये एक रकाना ‘कुठून आला’ असा ठेवा आणि एक ‘पाहून काय वाटलं’ असा. दहा चित्रपटांनंतर यादीवार मोजा. माझ्याकडे त्या इराणी बाईंच्या यादीतून सात पाहिले, सहा लागू पडले. १४०वाल्यांच्या नऊपैकी पाच. साठवालीतून घेतलेला एक, तोही अर्ध्यावर सोडला. आता बाईंनी नवी यादी केली की मी ती तपासत बसत नाही.

राहिली ती ‘मराठी क्लासिक्स’ यादी. तिच्याखाली मी प्रतिक्रिया टाकली, की पोस्टर २०२३चं आहे, १९५३चा चित्रपट वेगळा, आणि यादीत ‘दोघी’ही हवा. दोन दिवसांत पोस्टर बदललेलं होतं. खाली उत्तर होतं, की मी महाराष्ट्राबाहेर वाढलो, यातले निम्मे अजून पाहिलेले नाहीत, आणि तुम्ही म्हणता तो ‘दोघी’ कुठे बघायला मिळेल?